पट्टीच्या मापाचं पुरळ: चिकटपट्टीची ॲलर्जी कशी ओळखायची

मैत्रिणींनो, असं आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. जखमेवरची चिकटपट्टी काढली, जखम तर भरत आलेली, पण तिच्या आजूबाजूला खाज सुटलेला एक लांबट चौकोन उमटलेला. कडा अगदी सरळ, पट्टीच्या मापाच्या. मग घरात सल्ले सुरू होतात. सासूबाई म्हणतात जखम पिकली, शेजारीण म्हणते गजकर्ण आलं, कुणी म्हणतं अंगातली उष्णता बाहेर पडली.

पण जरा विचार करा. गोवर, कांजिण्या, घामोळं, गजकर्ण, यातलं काहीही सरळ रेषेत येत नाही. गजकर्ण गोल पसरतं, घामोळं विखरून येतं. आपल्या शरीराला काटकोन आखता येत नाही. म्हणून पुरळाला सरळ कड आणि कोपरे दिसले, की एक गोष्ट जवळजवळ नक्की समजायची: हे आतून आलेलं नाही, बाहेरून काहीतरी कातडीला लागून होतं, त्याचा हा ठसा आहे. आता प्रश्न एवढाच उरतो, की हा ठसा कशाचा? पट्टीच्या डिंकाचा, आतल्या मलमाचा, की नुसत्या घामाचा? हे घरी बसून बऱ्याच अंशी ओळखता येतं. कसं ते पाहू.

आधी ठसा नीट वाचा

जखमेवरच्या पट्टीचे दोन भाग असतात. मधे कापसाची किंवा गॉजची गादी, जी जखमेवर बसते. आणि तिच्या बाजूला चिकट भाग, जो चांगल्या कातडीवर बसतो. पुरळ या दोनपैकी कुठल्या भागाखाली आहे, तेच सगळ्यात आधी बघायचं.

चिकट भाग जिथे होता तिथेच पुरळ आहे आणि गादीखालची कातडी स्वच्छ आहे, तर संशय चिकटवणाऱ्या डिंकावर. दवाखान्यात मोठा गॉज ठेवून त्यावर रोलच्या पट्ट्या मारतात ना, तेव्हा हे फार स्पष्ट दिसतं. मधला चौकोन कोरा, आणि दोन्ही बाजूंना पुरळाचे लांब पट्टे.

याच्या उलट, गादीखालीच पुरळ आहे आणि चिकट भागाखाली काही नाही, तर डिंक निर्दोष आहे. मग जखमेवर काय लावलं होतं ते आठवा. निओमायसिन, फ्रामायसेटिन किंवा नायट्रोफ्युराझोन असलेली जखमेची मलमं पुष्कळ घरांत असतात, आणि या औषधांची ॲलर्जी काही लोकांना होते. अशा वेळी आपण पट्टी बदलत राहतो आणि मलम तेच लावत राहतो, म्हणून पुरळ काही जात नाही.

आणि सगळीकडेच एकसारखा ओलसर, बारीक पुटकुळ्यांचा थर असेल, तर मुंबईच्या हवेचा विचार करा. पावसाळ्यात आणि मे महिन्यात पट्टीखाली घाम साठतो. पापड लाटणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, मासळी विकणाऱ्या बायकांचा हात दिवसभर ओला असतो. ओली पट्टी तशीच दोन दिवस राहिली तर कातडी पांढरी, मऊ पडते आणि खाली घामोळं उठतं. ती ॲलर्जी नव्हे.

ॲलर्जी की नुसती चुरचुर?

डिंकाखाली लाली आली म्हणजे ॲलर्जीच असं नाही. पट्टी जोरात ओढून काढली की कातडीचा वरचा पातळ थर तिच्याबरोबर निघतो, केस उपटले जातात, आणि जागा लाल होऊन चुरचुरते. ही साधी इजा आहे. दोन्हींतला फरक सांगणाऱ्या तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, खाज. ॲलर्जीत खाज हेच मुख्य लक्षण असतं, पट्टी काढायच्या आधीच ती सुरू होते आणि रात्री झोप मोडते. साध्या इजेत खाजेपेक्षा आग आणि दुखणं जास्त.

दुसरी, वेळ. साधी इजा पट्टी काढल्या काढल्या सगळ्यात वाईट दिसते आणि मग उतरत जाते. बहुतेक वेळा दोन दिवसांत जागा शांत होते. ॲलर्जी उलटी चालते. पट्टी काढल्यावरही ती पुढचे एक-दोन दिवस वाढू शकते, आणि मग आठवडा, कधी दोन-तीन आठवडे रेंगाळते. म्हणून आज दिसलं त्यावर निकाल देऊ नका, परवा परत बघा.

तिसरी, कड आणि पोत. साध्या इजेची लाली पट्टीच्या रेघेवर थांबते. ॲलर्जीत सुरुवातीला आकार पट्टीचाच असतो, पण बारीक उंचवटे येतात, त्यात पाणी भरतं, आणि एक-दोन दिवसांत कड जराशी ओलांडून पुरळ बाहेर डोकावतं. म्हणजे काटकोन थोडे पुसट होतात.

आणखी एक. डॉक्टरी माहितीत 'लाल पुरळ' असं लिहिलेलं असतं, पण आपल्या सावळ्या कातडीवर ते लाल दिसेलच असं नाही. जांभळट, तपकिरी किंवा नुसतं काळपट दिसतं. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका, बोट फिरवून बघा. खडबडीत, उंच लागतंय का? आणि बरं झाल्यावरही पट्टीच्या आकाराचा काळा डाग काही महिने राहतो. खाज नाही, उंचवटा नाही, फक्त डाग आहे, तर आजार गेलेला आहे. डाग आपोआप फिका होतो, त्यावर औषधं चोळत बसायची गरज नाही.

उदाहरण घेऊन पाहू

समजा, घाटकोपरच्या एका गटातली ताई आहे. दिवाळीच्या फराळाची ऑर्डर चालू असताना चकलीचं तेल मनगटाच्या वर उडालं आणि फोड आला. दवाखान्यात साधं व्हॅसलीन लावून गॉज ठेवला आणि वर पांढऱ्या कापडी रोलच्या दोन पट्ट्या मारल्या. हा रोल झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी म्हणून मिळतो.

सोमवारी पट्टी लागली. मंगळवारी काही नाही. बुधवारी संध्याकाळी पट्टीखाली खाज सुटली, ताईला वाटलं जखम भरतेय म्हणून खाजतंय. गुरुवारी पट्टी काढली तर दोन समांतर पट्टे उमटलेले, त्यांवर मोहरीएवढ्या पाण्याच्या पुटकुळ्या, आणि मधे गॉजचा चौकोन स्वच्छ. भाजलेली जागा कोरडी, पू नाही, ताप नाही. शुक्रवारी पट्टे आणखी फुगले.

आता ठसा वाचा. पुरळ डिंकाखाली आहे, गादीखाली नाही, म्हणून व्हॅसलीन सुटलं. खाज दोन दिवसांनी सुरू झाली, पट्टी काढल्यावर वाढली, म्हणून ही साधी इजा नाही. पू, ठणका, ताप नाही आणि जखम कोरडी आहे, म्हणून जखम पिकलेली नाही. हे सगळं डिंकाच्या ॲलर्जीकडे बोट दाखवतं.

इथेच दोन चुका होतात. एक म्हणजे 'जखम पिकली' समजून गरज नसताना प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू होतात. दुसरी जास्त महाग पडते. पुरळ झाकायला त्याच रोलची आणखी मोठी पट्टी वर मारतात. मग चार दिवसांनी ठसाही मोठा होतो.

पुढे तीन महिन्यांनी ताईने रक्त तपासलं. सुई टोचलेल्या जागी तसल्याच रोलचा छोटा तुकडा लावला, आणि दुसऱ्याच दिवशी तिथे खाजणारा चौकोन आला. या वेळी दोन दिवसही लागले नाहीत. तीच वस्तू, तोच आकार, शरीराची वेगळी जागा, आणि आधीपेक्षा लवकर. असं परत घडणं हा घरच्या घरी मिळणारा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

"पण आधी कधी त्रास झाला नव्हता!"

हे वाक्य डॉक्टरांना नेहमी ऐकायला मिळतं. खरं म्हणजे आधी त्रास झाला नव्हता हेच या ॲलर्जीच्या स्वभावाला धरून आहे. कातडीत पहारा देणाऱ्या पेशी असतात. डिंकातला एखादा पदार्थ कातडीत उतरला की त्या त्याची ओळख शरीराच्या संरक्षण यंत्रणेला करून देतात. ही ओळख पक्की व्हायला साधारण दहा दिवस ते दोन आठवडे लागतात. तोवर पहिली पट्टी निघूनही गेलेली असते. काही जणींच्या बाबतीत वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एकदा ओळख पटते. एकदा पटली की पुढच्या वेळी तोच पदार्थ लागल्यावर एक ते तीन दिवसांत पुरळ येतं. आणि ही ओळख सहसा आयुष्यभर पुसली जात नाही.

म्हणूनच हिच्यावर 'बरं करणारं' औषध नाही. औषध पुरळ शांत करतं. ॲलर्जी सांभाळायची ती त्या पदार्थापासून लांब राहून.

डिंकात असतं तरी काय?

जुन्या पद्धतीच्या कापडी रोलमध्ये रबर आणि राळ असते. राळ म्हणजे पाइनच्या झाडाचा चीक तापवून उरणारा पिवळट, काचेसारखा पदार्थ. तिनेच पट्टीला चिकटपणा येतो, आणि ॲलर्जीचं एक मोठं कारणही तीच. नव्या कागदी आणि बारीक छिद्रांच्या पट्ट्यांत बहुधा ॲक्रिलेटचा डिंक असतो. त्याने त्रास कमी जणींना होतो, पण कुणालाच होत नाही असं नाही. म्हणून पाकिटावर 'ॲलर्जी न करणारी' असं लिहिलं असलं तरी ती हमी समजू नका.

राळेची ॲलर्जी असलेल्या बाईला ती दुसरीकडेही भेटते. केस काढायच्या चिकट वॅक्समध्ये असते. वायरी आणि सर्किट जोडताना सोल्डरिंग करतात, त्याच्या तारेतही असते. अंधेरीत किंवा इतरत्र इलेक्ट्रॉनिकच्या कामाला जाणाऱ्या मैत्रिणींनी बोटांना किंवा चेहऱ्याला खाज येत असेल तर हे डॉक्टरांना जरूर सांगावं.

टिकलीचा ठसा

आता अशी एक चिकटपट्टी, जी आपण रोज लावतो आणि जिला पट्टी म्हणत नाही. टिकली. तिच्या मागेही डिंकच असतो. कपाळाच्या मधोमध टिकलीएवढंच गोल खाजणारं पुरळ आलं, तर ते वाचायची रीत तीच: आकार कशाचा, खाज आहे का, टिकली बंद केल्यावर काय होतं.

टिकलीच्या बाबतीत मात्र एक जास्तीची गोष्ट आहे. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल नावाचं रसायन असतं. नाव अवघड आहे, लक्षात नाही राहिलं तरी चालेल. काम लक्षात ठेवा: ते कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारू शकतं. मग टिकलीच्या जागी पांढरा ठिपका पडतो, कधी आधी खाज येऊन, तर कधी खाजेशिवाय गुपचूप. अलाहाबादच्या डॉक्टरांनी १९९० साली टिकलीच्या डिंकातल्या याच रसायनावर आणि कपाळावरच्या पांढऱ्या डागांवर संशोधन प्रसिद्ध केलं. तेव्हापासून भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना ही गोष्ट चांगली माहीत आहे.

बायकांना मात्र ती कमी माहीत आहे, आणि त्याची किंमत मोजावी लागते. कपाळावर पांढरा डाग दिसला की लोक कोड म्हणतात. मग लग्नाच्या मुलीबद्दल कुजबुज होते, कुठे ताट-वाटी वेगळी केली जाते. कोड मुळात संसर्गाने होत नाही, ताट वेगळं करण्याचं कारणच नाही. पण टिकलीच्या मापाचा डाग बघून आधी टिकली काढून ठेवायची. काही वेळा टिकली बंद केल्यावर रंग हळूहळू परततो, काही वेळा परतत नाही, आणि कधी कधी डाग टिकलीबाहेरही पसरतो. म्हणून पहिला पुसट ठिपका किंवा पहिली खाज दिसली की त्याच दिवशी चिकट टिकली थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कंपनी बदलून उपयोग होईलच असं नाही, दुसऱ्या टिकलीतही तोच डिंक असू शकतो. डाग टिकलीने झाकणं तर अजिबात नको. कपाळ पूर्ण बरं झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, डिंक नसलेलं साधं कुंकू थोड्या जागेवर लावून बघता येईल. टिकल्या पाकिटावर चिकटवायचं काम घरी करणाऱ्यांनी बोटांच्या टोकांकडेही असंच लक्ष ठेवावं.

पुरळ आलं तर काय करायचं

पट्टी काढा, पण फाडू नका. कडेला खोबरेल तेल लावून पाच-दहा मिनिटं थांबा, मग कातडी बोटाने दाबून धरून पट्टी हळूहळू, कातडीला लागूनच मागे दुमडत काढा. उरलेला डिंकही तेलानेच पुसा. उघड्या जखमेत तेल जाऊ देऊ नका. रॉकेल, थिनर, नेलपेंट काढायचं पाणी लावू नका. मग साध्या पाण्याने धुऊन टिपून घ्या. खाज फार असेल तर थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ सुती कापड दहा मिनिटं ठेवा. हळद, लिंबू, चुना, टूथपेस्ट नको. चिडलेल्या कातडीला ते आणखी चिडवतात.

जखम अजून झाकायची असेल तर गॉज ठेवून वर न चिकटणारं रोलर बँडेज गुंडाळा. घरात ते नसेल तर धुऊन उन्हात वाळवलेल्या सुती कापडाची पट्टी बांधा. गाठ घट्ट नको.

पुरळ पाणावलेलं असेल किंवा दोन-तीन दिवसांत उतरत नसेल, तर डॉक्टर स्टेरॉइडचं मलम थोड्या दिवसांसाठी देतात. ते फक्त पुरळावर लावायचं, जखमेत नाही, आणि सांगितले तेवढेच दिवस. औषधाच्या दुकानातून 'खाजेची ट्यूब द्या' म्हणून मिळणारी, जोरदार स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली ट्यूब आपल्या मनाने लावू नका. तिच्यात कधी निओमायसिनही असतं, म्हणजे एका ॲलर्जीवर दुसरीची सोय. शिवाय खरंच गजकर्ण असेल तर अशा ट्यूबने ते दबतं आणि मग जास्त पसरतं.

घरी थांबू नये अशा वेळा ओळखा: पू, वाढता ठणका, गरम लागणारी सूज, जखमेपासून वर सरकणारी लाल रेघ किंवा ताप. हा जंतूंचा त्रास आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोळे-ओठ सुजले, धाप लागली किंवा चक्कर आली तर थेट तातडीच्या विभागात जा. डिंकाच्या ॲलर्जीत असं सहसा होत नाही, म्हणूनच झालं तर थांबायचं नाही.

खात्री कशी होते? पॅच टेस्ट

नेमका कुठला पदार्थ बाधतो हे शोधायला पॅच टेस्ट असते. ही रक्ताची किंवा सुईची तपासणी नाही. पाठीवर लहान लहान वाट्यांत संशयित पदार्थ ठेवून चिकटवतात. आपल्याकडे वापरायच्या ठरलेल्या संचात राळ असते, निओमायसिन असतं, आणि टिकलीच्या रसायनापासून बनणारं रेझिनही असतं. दोन दिवसांनी, म्हणजे ४८ तासांनी वाट्या काढतात आणि बघतात. मग आणखी एक-दोन दिवसांनी परत बघतात. दुसरी भेट चुकवू नका. उशिरा उठणारं पुरळ तेव्हाच दिसतं, आणि साधी चुरचुर तोवर उतरलेली असते.

जाताना आपली स्वतःची पट्टी, टिकलीचं पाकीट आणि लावलेल्या मलमाची ट्यूब घेऊन जा. डॉक्टर त्या पट्टीचा तुकडाही लावून बघू शकतात. मधले दिवस पाठ भिजवायची नाही आणि घाम येणारी जड कामं टाळायची, म्हणून जमलं तर थंडीतली तारीख घ्या. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, त्यांनी निकाल दबतो. मात्र त्या आपल्या मनाने बंद करू नका. उपनगरात जुहूचं कूपर, घाटकोपरचं राजावाडी, मुलुंडचं अग्रवाल, बोरिवलीचं भगवती ही पालिकेची रुग्णालयं आहेत. जवळच्या रुग्णालयात त्वचारोगाच्या ओपीडीचे वार विचारा, आणि पॅच टेस्ट तिथे होते की दुसरीकडे पाठवतात तेही विचारून घ्या.

पुढच्या ऑपरेशनच्या आधी

शेवटची गोष्ट छोटी आहे, पण विसरली तर त्रास मोठा. हातावरचा दोन इंचांचा ठसा सहन होतो. सिझेरियन किंवा कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशननंतर पोटभर लावलेल्या पट्टीखाली तेच पुरळ आलं, तर टाक्यांशेजारी खाजवणं, ओल आणि जंतू, सगळं एकत्र येतं. म्हणून पुरळ असतानाच उजेडात त्याचा फोटो काढून ठेवा, शेजारी ती पट्टी ठेवूनच. तारीख लिहा. आणि कुठल्याही ऑपरेशनच्या, सलाइनच्या किंवा बाळंतपणाच्या आधी नर्सताईंना स्पष्ट सांगा, "मला चिकटपट्टीची ॲलर्जी आहे, केसपेपरवर लिहा." नुसतं "कसली ॲलर्जी आहे का?" असं विचारलं की आपण औषध-गोळ्यांचा विचार करून "नाही" म्हणतो. पट्टीचं आठवणीने सांगायचं ते आपल्यालाच.